दहा आणि पाच: टॉर्क आणि कार्याच्या उत्तरांची अदलाबदल

लालबागमध्ये मी बारावीच्या मुलांचं फिजिक्स घेते. ऑगस्टमध्ये, गणपतीच्या मांडवांचे बांबू रस्त्यावर येऊन पडले की माझी रोटेशनवरची पहिली चाचणी असते. या वर्षी त्या चाचणीत एका मुलीने सोडवलेला एक प्रश्न मी बाजूला काढून ठेवला. दोन्ही उत्तरं चूक होती, पण आकडेमोडीत एकही चूक नव्हती. पहिल्या भागाचं उत्तर तिने दुसऱ्या भागात लिहिलं होतं आणि दुसऱ्याचं पहिल्यात.

प्रश्न साधा होता. एक कण आरंभबिंदूपासून निघून P (2, 1) या बिंदूपर्यंत सरळ रेषेत जातो. त्याच्यावर सतत एकच बल आहे. अंतरं मीटरमध्ये, बल न्यूटनमध्ये.

```
F = 3î + 4ĵ
r = s = 2î + ĵ
```

(अ) कण P वर असताना आरंभबिंदूभोवती या बलाचा टॉर्क किती? (ब) आरंभबिंदूपासून P पर्यंतच्या प्रवासात या बलाने केलेलं कार्य किती?

कण आरंभबिंदूपासूनच निघाल्यामुळे स्थानसदिश आणि विस्थापन यांचे घटक एकच येतात. हे मी मुद्दाम केलं होतं. दोन्ही भागांत आकडे तेच असले की मुलाला निवडायला फक्त गुणाकार उरतो, आणि तो चुकला तर चूक कुठे झाली ते लगेच कळतं. बरोबर उत्तरं अशी आहेत:

```
τ = r × F = (2·4 − 1·3) k̂ = 5 k̂  N·m
W = F · s = 3·2 + 4·1     = 10   J
```

तिने (अ)चं उत्तर `10 k̂ N·m` लिहिलं होतं आणि (ब)चं `5 J`.

नुसती उत्तरं पाहिली असती तर मी "डॉट आणि क्रॉस उलटे घातलेस" एवढंच लिहून पुढे गेले असते. पण पेपरवर दोन खुणा होत्या आणि त्यांच्यामुळे मी थांबले. (ब)मध्ये आधी `−5 k̂` लिहून मग उणे चिन्ह आणि k̂ खोडरबराने पुसलेले होते, कागदावर त्यांचा फिकट ठसा दिसत होता. (अ)मध्ये `10` हा आकडा एका दमात लिहिलेला होता आणि k̂ नंतर, थोडा वरच्या बाजूला, दाटीवाटीने बसवलेला होता.

म्हणजे कार्य ही अदिश राशी आहे आणि टॉर्क ही सदिश, हे तिला पक्कं माहीत होतं. कार्यासाठी तिने F × s केलं, उत्तर सदिश आलं, कार्याला दिशा नसते म्हणून तिने दिशा पुसली. टॉर्कसाठी r · F केलं, उत्तर नुसता आकडा आलं, टॉर्कला दिशा हवी म्हणून तिने दिशा चिकटवली. त्या क्षणी गणित तिला सांगत होतं की गुणाकार चुकला आहे. तिने ते ऐकलंही, पण गुणाकार बदलण्याऐवजी उत्तर दुरुस्त केलं. पाठ केलेलं विसरलेली मुलगी असं करत नाही. आपण निवडलेला गुणाकार बरोबर आहे याची तिला खात्री होती, आणि मला त्या खात्रीचं कारण हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला थांबवून घेतलं आणि पेपर तिच्यासमोर ठेवला. उत्तर चूक आहे हे न सांगता विचारलं, "इथे क्रॉस का घेतलास गं?"

"मॅडम, कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन ना?"

"हो."

"मग गुणिले. आणि त्या पिंपाच्या गणितात साइनच आला होता. साइन म्हणजे क्रॉस."

"आणि टॉर्कला डॉट?"

"दाराच्या गणितात कॉस आला होता. कॉस म्हणजे डॉट."

"साइन म्हणजे क्रॉस, कॉस म्हणजे डॉट" हे मीच वर्गात सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. पिंपाच्या गणितात साइन आला होता आणि दाराच्या गणितात कॉस, हेही खरं. तिन्ही गोष्टी खऱ्या धरल्या तर तिचा निष्कर्ष सरळ निघतो. म्हणून पुढचे दोन तास आम्ही त्या दोन गणितांवरच घालवले.

त्याआधी "गुणिले"चं बघू, कारण ते लवकर आटपतं. ही मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. शाळेत "कार्य = बल × विस्थापन" असं फळ्यावर लिहिलं जातं आणि त्यातलं × हे अंकगणितातलं गुणिले असतं. अकरावीत तेच चिन्ह क्रॉस प्रॉडक्टचं होतं आणि दोन्ही चिन्हं दिसायला एकच. मी तिला अकरावीच्या नोट्स काढायला सांगितल्या. त्या झेरॉक्सची झेरॉक्स होत्या. `W = F · s` मधला डॉट उमटलाच नव्हता, अक्षरांवरचे बाणही गेलेले. कागदावर `W = F s` एवढंच उरलं होतं. मधल्या रिकाम्या जागेत काय असावं हे तिला आठवणीतून भरायचं होतं, आणि आठवणीत शाळेतलं गुणिले होतं. तेव्हापासून मी सदिशांच्या धड्यात अंकगणिती गुणाकारासाठी × हे चिन्ह वापरत नाही. दोन आकडे नुसते शेजारी लिहिते किंवा कंसात घालते.

आता पिंप. टेम्पोत माल चढवताना फाळक्याला एक फळी टेकवतात आणि तिच्यावरून पिंप वर ढकलतात, हे लालबागमध्ये रोज दिसतं. वर्गातलं गणित तेच होतं. पिंप ५० किलोचं, फळी ४ मीटर लांब, फळी जमिनीशी ३० अंशांचा कोन करते, g १० धरायचा. पिंप तळापासून वर जाईपर्यंत गुरुत्वबलाने किती कार्य केलं? वहीत उत्तर असं होतं:

```
W = −m g s sin30° = −(50)(10)(4)(0.5) = −1000 J
```

इथे साइन आला, यात वाद नाही. पण हे ३० अंश कोणामध्ये आहेत? फळी आणि जमीन यांच्यामध्ये. विस्थापन फळीच्या दिशेने आहे, म्हणून फळीचा या गणिताशी संबंध आहे. जमीन मात्र या गणितात सदिश नाहीच. पिंपाचं वजन जमिनीच्या दिशेने आडवं लागत नाही, ते सरळ खाली लागतं. `W = F s cosθ` मधला θ हा बल आणि विस्थापन यांच्यामधला कोन आहे, प्रश्नात छापलेला कोन नाही.

मी तिला म्हटलं, दोन्ही बाण काढ आणि शेपटीला शेपटी लाव. हे सांगावं लागतं, कारण मुलं अनेकदा एका बाणाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी लावून कोन मोजतात. सदिशांची बेरीज करताना तसं चालतं, गुणाकाराचा कोन मोजताना चालत नाही. तिने एका बिंदूतून फळीच्या दिशेने वर जाणारा बाण काढला आणि त्याच बिंदूतून सरळ खाली जाणारा वजनाचा. मग मोजायला लागली. खालच्या बाणापासून आडव्या रेषेपर्यंत ९०, तिथून फळीपर्यंत आणखी ३०, म्हणजे १२०.

```
W = m g s cos120° = (50)(10)(4)(−0.5) = −1000 J
```

उत्तर तेच, आणि उणे चिन्ह कोणी बाहेरून न लावता आपोआप आलं. साइन ३० हा कॉस १२० चाच वेष बदललेला अवतार होता. गुणाकार पहिल्यापासून डॉटच होता.

दाराच्या गणितात हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली होती. दार ०.८ मीटर रुंद, कडीपाशी २० न्यूटनने ढकललं, ढकलण्याची दिशा दाराच्या लंबापासून ३० अंश कललेली. टॉर्क `(0.8)(20) cos30°`, म्हणजे सुमारे १३.९ न्यूटन-मीटर. ३० अंश लंबापासून मोजलेले होते, आणि लंब हा r ही नाही आणि F ही नाही. r बिजागरीपासून कडीपर्यंत दारातूनच जातो. r आणि F यांच्यामधला कोन ६० होता आणि साइन ६० म्हणजेच कॉस ३०. (ढकलणं बिजागरीच्या बाजूला कललेलं असेल तर कोन १२० होतो. साइन तरीही तोच.)

हे कागदावर पटलं, पण अंगात भिनलं असं मला वाटेना. वर्गाच्या खोलीला एकफळी लाकडी दार आहे. मी दाराच्या वरच्या कडेवर खडूने बिजागरीपासून कडीच्या रेषेपर्यंत बाण काढला, हा r. कडीला सुतळी बांधून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, सुतळी म्हणजे F, आता तुला वाटेल त्या दिशेने ओढ. आधी तिने दाराला काटकोनात ओढलं, दार सहज आलं. मग ती हळूहळू बाजूला सरकली आणि सुतळी दाराच्या फळीच्या सरळ रेषेत, बिजागरीपासून लांब जाणाऱ्या दिशेने आणली. तिथून तिने जोर लावून ओढलं. बिजागरी कुरकुरली, पण दार हललं नाही.

"आता इथे डॉट काढ, r आणि F चा."

"कोन शून्य. कॉस शून्य म्हणजे एक. सगळ्यात जास्त येईल."

ती सुतळी धरून तशीच उभी राहिली. टॉर्क डॉट असता तर या स्थितीत दार सगळ्यात जोरात फिरायला हवं होतं. ते जागचं हललं नव्हतं.

कार्याचा असाच प्रयोग तर मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाने केलेला असतो. दादरच्या प्लॅटफॉर्मवर जड बॅग हातात धरून तुम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच वेगाने चाललात, तर हाताने बॅगेवर लावलेलं बल वर आहे आणि विस्थापन आडवं. कोन ९०, म्हणून हाताने बॅगेवर केलेलं कार्य शून्य. कार्य क्रॉस असतं तर ते इथे सगळ्यात जास्त यायला हवं होतं. खांदा दुखतो ही गोष्ट खरी आहे, पण ती स्नायूंच्या आत खर्च होणाऱ्या ऊर्जेची आहे. बॅगेला त्या चालण्यातून ऊर्जा मिळालेली नसते.

पण चाचणीतल्या प्रश्नात कोन दिलेलाच नव्हता, तिथे फक्त घटक होते. अशा प्रश्नात साइन-कॉसची खूण नुसती फसवी ठरत नाही, ती मिळतच नाही. तेव्हा गुणाकार निवडायचा तो राशीकडे बघून. राशीला बलाचा कोणता भाग हवा आहे? कार्याला विस्थापनाच्या दिशेने असलेला भाग हवा असतो आणि टॉर्कला भुजेला आडवा असलेला. डॉट पहिला भाग उचलतो, क्रॉस दुसरा.

आमच्याच आकड्यांवर हे करून बघितलं. F ची लांबी ५, r ची लांबी √5, म्हणजे सुमारे २.२४. F चे दोन तुकडे करायचे, एक r च्या रेषेत आणि दुसरा तिला काटकोनात. r च्या रेषेतला तुकडा 10/√5, म्हणजे ४.४७ न्यूटन. आडवा तुकडा 5/√5, म्हणजे २.२४ न्यूटन. कार्य म्हणजे रेषेतला तुकडा आणि लांबी यांचा गुणाकार, (४.४७)(२.२४), दहा. टॉर्क म्हणजे आडवा तुकडा आणि लांबी, (२.२४)(२.२४), पाच. एकाच बलाचे दोन तुकडे, एक कार्याच्या वाट्याला गेला आणि दुसरा टॉर्कच्या.

त्यातून एक पडताळाही हाती येतो. दोन तुकड्यांच्या वर्गांची बेरीज पूर्ण बलाचा वर्ग असते, म्हणून डॉटचा वर्ग आणि क्रॉसचा वर्ग मिळून दोन लांबींच्या गुणाकाराचा वर्ग यायला हवा:

```
10² + 5² = 125 = (5)(25) = |r|² |F|²
```

हा पडताळा आकडेमोड बरोबर आहे एवढंच सांगतो. कोणता आकडा कोणाचा, हे तो सांगत नाही. तिचे दोन्ही आकडे यातून सहज पार पडले असते, म्हणून यावर विसंबू नका. त्यापेक्षा आकृती जास्त सांगते. r आडव्या अक्षापासून सुमारे २६.६ अंशांवर आहे आणि F सुमारे ५३.१ अंशांवर. दोघांमधला कोन २६.५ अंशांच्या आसपास, म्हणजे दोन्ही बाण बऱ्यापैकी एकाच दिशेला आहेत. बल बहुतांशी r च्याच रेषेत असेल तर ते फिरवण्यात कमी आणि पुढे ढकलण्यात जास्त लागणार, म्हणून टॉर्कचा आकडा कार्याच्या आकड्यापेक्षा लहान यायला हवा. कोन ४५ असता तर दोन्ही सारखे आले असते. चाचणीत दोन बाण काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. तिच्या पेपरवर आकृती नव्हती. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या पेपरवरही नव्हती. प्रश्न î ĵ मध्ये दिला की आकृती नको, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं.

यानंतर तिने एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला जास्त सावकाश द्यावंसं वाटलं.

"मॅडम, पण युनिट तर एकच आलं ना? दोन्हीकडे न्यूटन-मीटर. म्हणून मला वाटलं की उत्तर बरोबर आहे."

युनिट तपासायची सवय आम्हीच लावतो आणि ती चांगली सवय आहे. नेमकी या जागी ती मदतीला येत नाही. बल न्यूटनमध्ये, लांबी मीटरमध्ये, त्यांचा गुणाकार कसाही केला तरी न्यूटन-मीटरच. कार्यासाठी त्याला ज्यूल म्हणायचं आणि टॉर्कसाठी म्हणायचं नाही, एवढाच फरक. हा नुसता संकेत आहे असं सांगून मी पुढे जाऊ शकले असते, पण युनिट सारखं येण्यामागे कारण आहे आणि ते याच आकड्यांतून दिसतं.

कल्पना करा की r हा आरंभबिंदूशी अडकवलेला दांडा आहे आणि तो घड्याळाच्या उलट दिशेने अगदी थोडा, ०.०१ रेडियन फिरला. दांड्याचं टोक किती सरकलं? टोक दांड्याला काटकोनात सरकतं. (2, 1) ला काटकोनात, घड्याळाच्या उलट बाजूला (−1, 2) ही दिशा आहे, म्हणून सरकणं (−0.01, 0.02). या सरकण्यात F ने केलेलं कार्य:

```
W = F · s = 3(−0.01) + 4(0.02) = 0.05 J
τ·θ       = (5)(0.01)          = 0.05 J
```

टॉर्क गुणिले फिरलेला कोन म्हणजे कार्य. रेडियन हे लांबीला लांबीने भागून येतं, म्हणून त्याला परिमाण नसतं आणि टॉर्कचं युनिट कार्याच्या युनिटासारखं दिसतं. टॉर्कला ज्यूल प्रति रेडियन म्हटलं तर फरक डोळ्यांना दिसतो. इथे टॉर्कच्या जागी तिचे दहा घालून बघितले तर ०.१ ज्यूल येतात आणि ते प्रत्यक्ष कार्याशी जुळत नाहीत. माझ्या मते या प्रश्नातला हा सर्वांत चांगला पडताळा आहे. दोन गुणाकार इथे खरोखर एकमेकांना भेटतात, आणि अदलाबदल झाली असेल तर भेटत नाहीत.

तिच्या पेपरवर एक साधी खूणही होती, ती मी शेवटी दाखवली. प्रश्नात (अ)मध्ये "आरंभबिंदूभोवती" असं लिहिलं होतं. (ब)मध्ये "भोवती" हा शब्द नव्हता. टॉर्क विचारताना कोणत्या बिंदूभोवती ते सांगावंच लागतं, कारण r त्या बिंदूपासून मोजतात. कार्य विचारताना ते सांगत नाहीत, कारण विस्थापन म्हणजे शेवटचं स्थान वजा सुरुवातीचं स्थान, मोजण्याचा बिंदू कुठेही न्या, फरक तोच राहतो. हेही करून बघितलं. संदर्भबिंदू (1, 0) ला नेला. आता P चा r (1, 1) झाला आणि टॉर्क 1·4 − 1·3, म्हणजे १. कार्य मात्र दहाचे दहाच. बिंदू (−1, −3) ला नेला तर r (3, 4) होतो, F च्याच रेषेत, आणि टॉर्क शून्य. कार्य अजूनही दहा. मग तिने स्वतःहून विचारलं की बल तेच, जागा तीच, तरी टॉर्क पाच, एक आणि शून्य कसा. मी सुतळीकडे बोट दाखवलं. बिजागरी दुसरीकडे बसवली तर तीच ओढ दाराला वेगळं फिरवेल.

या खुणेला एक अपवाद आहे. समान आणि विरुद्ध दिशेची दोन बलं, म्हणजे बलयुग्म असेल, तर एकूण टॉर्क कोणत्याही बिंदूभोवती सारखाच येतो. अशा प्रश्नात "भोवती" हा शब्द नसू शकतो आणि तरी उत्तर क्रॉसचंच असतं. नळाची चावी दोन बोटांनी फिरवणं हे तसंच बलयुग्म.

जाताना तिने विचारलं की दोन बाणांना दोन-दोन गुणाकार लागतातच कशाला. हा अभ्यासक्रमातला प्रश्न नाही, पण मला तो आवडला. हॅमिल्टनने १८४३ साली चतुर्दल संख्या मांडल्या तेव्हा गुणाकार एकच होता. त्यात i ला i ने गुणलं तर −1 येतं, i ला j ने गुणलं तर k, आणि j ला i ने गुणलं तर −k. आमचे दोन बाण त्या नियमाने गुणले:

```
(2i + j)(3i + 4j) = −6 + 8k − 3k − 4 = −10 + 5k
```

दहा आणि पाच शेजारीशेजारी. एका भागाला दिशा नाही, दुसऱ्याला आहे. पुढे १८८० च्या दशकात गिब्जने हे दोन भाग वेगळे काढून स्वतंत्र गुणाकार म्हणून वापरात आणले. तिच्या पेपरवर तेच दोन भाग चुकीच्या घरात पडले होते. ती तो कागद घडी करून घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी, विसर्जन झाल्यावर, मी पुन्हा चाचणी घेतली. या वेळी आकडे वेगळे होते आणि कोन मुद्दाम चुकीच्या रेषेपासून दिलेले. उतारावरच्या गणितात साइन आला तरी तिने डॉट ठेवला. मांडवाच्या बोल्टला पाना लावलेला होता, कोन पान्याच्या लंबापासून दिला होता, तिथे तिने r आणि F शेपटीला शेपटी लावून काढले आणि कोन स्वतः मोजला. घटकांच्या प्रश्नात समासात दोन छोटे बाण होते. मात्र टॉर्कच्या एका उत्तराचं चिन्ह उलटं होतं. तिने r × F ऐवजी F × r केलं होतं. डॉटमध्ये क्रम बदलला तरी काही बिघडत नाही, क्रॉसमध्ये उत्तर उलट्या दिशेला जातं. कार्यासाठी F आधी लिहायची सवय टॉर्कमध्येही आली होती, आणि "रेषेतला भाग, आडवा भाग" या विचारातून चिन्ह कळत नाही. त्यासाठी उजव्या हाताची बोटं r कडून F कडे वळवून अंगठा कुठे जातो ते बघावं लागतं. पेपर परत देताना मी त्या उत्तराखाली काही लिहिलं नाही. तिने ते बघितलं, उजवा हात बाकावर ठेवून बोटं वळवली, आणि उणे चिन्हावर पेन्सिलीने गोल केला. या वेळी तिने खोडरबर काढला नाही. खाली नव्या ओळीत r आधी घेऊन गुणाकार पुन्हा मांडला.